एकच देश, एकच खटला, दोन उलटे निकाल: लिबिया आणि हेगचं फौजदारी न्यायालय

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाबद्दल बोलताना ते सगळ्या देशांच्या वरचं, शेवटचं अपील न्यायालय आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात ते अपील न्यायालय नाही. एखादा देश आपल्याकडच्या गुन्ह्याचा खरोखर तपास करत असेल किंवा खटला चालवत असेल, तर हेगने ते प्रकरण हातात घ्यायचं नाही, अशी रचना हे न्यायालय ज्या कराराने उभं राहिलं त्या रोम संविधीतच आहे. हीच पूरकता. अनुच्छेद 17 सांगतो की राष्ट्रीय कारवाई चालू असेल तर प्रकरण हेगला अग्राह्य ठरतं. मात्र त्या देशाची खरी इच्छा नसेल किंवा त्याच्यात तेवढी क्षमता नसेल, तर ते ग्राह्य ठरतं.

वाचायला सोपं वाटणारं हे कलम प्रत्यक्षात कसं चालतं, हे लिबियाच्या प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसतं. हेगने दोन माणसांविरुद्ध एकाच दिवशी वॉरंट काढलं. दोघांवर त्रिपोलीत एकाच खटल्यात आरोप ठेवले गेले. एकाबद्दल हेगने सांगितलं, ‘तो आमच्याकडे द्या’. दुसऱ्याबद्दल सांगितलं, ‘त्याच्यावर खटला तुम्हीच चालवा’. हे दोन्ही निर्णय पूर्व-सुनावणी खंडपीठ क्रमांक एकचे, आणि त्यांच्यात जेमतेम साडेचार महिन्यांचं अंतर.

फेब्रुवारी 2011 मध्ये बेंगाझीत लोक रस्त्यावर उतरले, त्यामागे एक जुनी जखम होती. त्रिपोलीच्या अबू सलीम तुरुंगात 1996 मध्ये बाराशेच्या आसपास कैदी मारले गेल्याचं सांगितलं जातं. त्यांच्या कुटुंबीयांची बाजू मांडणाऱ्या वकिलाला 15 फेब्रुवारीला अटक झाली आणि निदर्शनांना तोंड फुटलं. सुरक्षा दलांनी गोळीबार केला. 26 फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेने ठराव 1970 एकमताने मंजूर करून 15 फेब्रुवारी 2011 पासूनची लिबियातली परिस्थिती हेगच्या अभियोक्त्याकडे सोपवली. भारत त्या वेळी परिषदेचा अस्थायी सदस्य होता. आपण रोम संविधीचे पक्षकार नाही, तरी भारताने ठरावाच्या बाजूने मत दिलं. लिबियाही पक्षकार नव्हता. त्याच्यावर हेगचा अधिकार आला तो या ठरावामुळेच.

27 जून 2011 रोजी तीन वॉरंट निघाली. मुअम्मर गद्दाफी, त्याचा मुलगा सैफ अल-इस्लाम आणि लष्करी गुप्तचर विभागाचा प्रमुख अब्दुल्ला अल-सेनुसी. आरोप मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे, म्हणजे हत्या आणि छळ. मुअम्मर 20 ऑक्टोबरला मारला गेला आणि त्याच्याविरुद्धचं प्रकरण बंद झालं. उरले दोघे.

या दोन वॉरंटांमधला एक फरक नजरेतून सहज सुटतो. सैफच्या वॉरंटात 15 ते किमान 28 फेब्रुवारीपर्यंत बेंगाझी, मिसराता, त्रिपोली आणि इतर ठिकाणचे गुन्हे आहेत. राजसत्तेच्या सगळ्या यंत्रणेने बापलेकांच्या योजनेनुसार निदर्शनं चिरडली, असं त्यात म्हटलं आहे. सेनुसीचं वॉरंट मात्र बेंगाझीपुरतं, आणि तेही 15 ते किमान 20 फेब्रुवारीपर्यंतचं. प्रकरण जितकं आखूड, तितकं ‘आम्हीही नेमकं हेच तपासतो आहोत’ असं दाखवणं देशाला सोपं जातं. निकाल वेगळे लागण्यामागे हे एक कारण असावं असं मला वाटतं, जरी खंडपीठाने भर दिला तो पुराव्यावर.

दोघे हाती लागले तेही वेगवेगळ्या तऱ्हेने. सैफ 19 नोव्हेंबर 2011 रोजी दक्षिण लिबियात सापडला, आणि ज्यांनी पकडलं त्या झिंतानच्या सशस्त्र गटाने त्याला आपल्या डोंगराळ गावीच ठेवून घेतलं. त्रिपोलीच्या सरकारने तो मागितला, त्यांनी दिला नाही. सेनुसी मार्च 2012 मध्ये मॉरिटानियात पकडला गेला. 5 सप्टेंबर 2012 रोजी त्याला लिबियाच्या ताब्यात देण्यात आलं आणि त्रिपोलीतल्या अल-हदबा तुरुंगात ठेवलं. तो तुरुंग सरकारचा होता.

1 मे 2012 रोजी लिबियाने सैफबाबत ग्राह्यतेला आव्हान दिलं. सेनुसीबाबतचं आव्हान आलं 2 एप्रिल 2013 रोजी. अनुच्छेद 19 नुसार असं आव्हान आरोपी देऊ शकतो, तसंच ज्या देशाला त्या गुन्ह्यावर अधिकार आहे तो देशही. तो देश संविधीचा पक्षकार असण्याची गरज नाही. मात्र देशाला ही संधी साधारणपणे एकदाच मिळते. आव्हान प्रलंबित असेपर्यंत आरोपीला हेगच्या हवाली करणं अनुच्छेद 95 खाली पुढे ढकलता येतं, आणि सैफच्या बाबतीत खंडपीठाने 1 जून 2012 रोजी तशी मुभा दिली. लगेच नंतरच्याच आठवड्यात, सैफला भेटायला झिंतानला गेलेल्या हेगच्या चार कर्मचाऱ्यांना तिथल्या गटाने अडकवून ठेवलं. त्यांत न्यायालयाच्याच बचाव कार्यालयातली एक वकील होती. ते सुटले 2 जुलैला. सरकारचा हुकूम झिंतानमध्ये चालत नाही, याचा याहून उघड दाखला हेगला मिळायचा नव्हता.

आता मूळ कसोटीकडे येतो. अनुच्छेद 17 दोन पायऱ्यांत चालतो आणि पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी एवढंच पाहायचं की देशात कारवाई चालू आहे का. नसेल तर प्रश्न तिथेच मिटला. इच्छा-क्षमतेचा विचार करायचं कारण नाही, प्रकरण ग्राह्य. कारवाई चालू असेल तरच दुसरी पायरी: ती खरी आहे का, आणि पार पाडण्याची ताकद आहे का. पहिल्या पायरीवर ‘चालू आहे’ याचा अर्थ काय, हे केनियाच्या प्रकरणात अपील खंडपीठाने 30 ऑगस्ट 2011 च्या निर्णयात सांगितलं होतं: तीच व्यक्ती आणि मूलतः तेच वर्तन. आणि हे सिद्ध करायची जबाबदारी आव्हान देणाऱ्या देशाची. ‘आमचा तपास सुरू आहे’ असं मंत्र्याचं पत्र चालत नाही. पुरेसा नेमका आणि वजनदार पुरावा लागतो: जबाब, हुकूमनामे, संभाषणांच्या नोंदी, तपासाचे कागद.

गुन्ह्याचं नाव तेच असावं लागत नाही, हे इथे ठळकपणे सांगायला हवं, कारण यावर फार गैरसमज आहे. लिबियाच्या दंडसंहितेत ‘मानवतेविरुद्धचा गुन्हा’ असं कलम नव्हतं आणि ‘छळ’ हा त्या अर्थाचा वेगळा गुन्हाही नव्हता. लिबियाने पुढे केली ती साधी कलमं: हेतुपुरस्सर खून, यातना, यादवीला चिथावणी, अधिकाराचा गैरवापर, विनाकारण अटक. खंडपीठाने हे मान्य केलं. वर्तन तेच असेल तर लेबल साध्या गुन्ह्याचं असलं तरी हरकत नाही. राजकीय भूमिकेमुळे लोकांना लक्ष्य केलं, ही छळाच्या आरोपातली बाब शिक्षा ठरवताना विचारात घेता येते, एवढं लिबियाने दाखवलं आणि ते पुरेसं मानलं गेलं. मला हा भाग अगदी योग्य वाटतो. नाहीतर प्रत्येक देशाला आधी हेगच्या शब्दांत स्वतःचा कायदा लिहून घ्यावा लागला असता, आणि पूरकता नुसती कागदावर उरली असती.

31 मे 2013 रोजी सैफबाबतचा निर्णय आला. लिबियाने काही जबाब, फोनवरच्या संभाषणांच्या नोंदी आणि इतर कागद दिले होते. आधी ऑक्टोबर 2012 मध्ये सुनावणी झाली होती आणि खंडपीठाने आणखी पुरावा मागवलाही होता. खंडपीठाने कबूल केलं की तपासाची काही पावलं पडली आहेत. पण त्या कागदांमधून सुटे सुटे धागे दिसत होते. राष्ट्रीय प्रकरणाच्या सीमारेषा कुठे आहेत, सैफवर नेमक्या कोणत्या कृत्यांसाठी खटला भरायचा आहे, हे त्यातून उमगत नव्हतं. त्या दोन आठवड्यांतल्या अनेक शहरांमधल्या गोळीबारामागे एक योजना होती आणि सैफ ती चालवत होता, असा हेगचा आरोप. त्या रुंदीचा तपास चालू आहे, हे सिद्ध झालं नाही. आव्हान इथेच पडलं होतं.

तरी खंडपीठ दुसऱ्या पायरीवरही गेलं, आणि तिथला तर्क जास्त शिकवणारा आहे. अनुच्छेद 17(3) विचारतो: देशाची न्यायव्यवस्था कोसळल्यामुळे किंवा उपलब्ध नसल्यामुळे आरोपी किंवा आवश्यक पुरावा हाती येत नाही, किंवा दुसऱ्या कारणाने कारवाई चालवता येत नाही, असं आहे का? लिबियात न्यायालयं होती, न्यायाधीश होते, कायदेही होते. पण सैफ झिंतानच्या गटाच्या हातात होता आणि सरकार त्याला तिथून आणू शकत नव्हतं. काही तुरुंग सरकारच्या ताब्यात नसल्याने तिथल्या साक्षीदारांचे जबाब मिळवणं अवघड होतं. आणि सैफला वकील नव्हता. वकील मिळवून देण्यात अडथळे होते, आणि वकिलाशिवाय लिबियाच्याच कायद्याने खटला चालू शकत नव्हता. म्हणून लिबिया ‘असमर्थ’. सरकारच्या इच्छेबद्दल खंडपीठाने काही ठरवलंच नाही. असमर्थता सिद्ध झाल्यावर त्याची गरज नव्हती. देशाच्या प्रामाणिकपणावर शिंतोडा न उडवता त्याचं आव्हान नाकारता येतं, हे या निर्णयाने दाखवलं.

सेनुसीचा निर्णय आला 11 ऑक्टोबर 2013 रोजी. हेगच्या इतिहासात देशाचं आव्हान मान्य होऊन प्रकरण अग्राह्य ठरण्याची ही पहिली वेळ होती. यावेळी लिबियाने दिलेला पुरावा जाड होता: साक्षीदारांचे कितीतरी जबाब आणि कागदपत्रं, ज्यांतून बेंगाझीतल्या त्या दिवसांत सेनुसीची भूमिका काय होती, त्याने कोणाला काय सांगितलं, हे जुळवता येत होतं. शिवाय लिबियाचा तपास वॉरंटापेक्षा मोठा होता. तो अबू सलीमपर्यंत मागे जात होता, जे हेगच्या आवाक्यातच नव्हतं, कारण सुरक्षा परिषदेने दिलेला अधिकार 15 फेब्रुवारी 2011 पासूनचा. ज्या कुटुंबांच्या दुःखातून हे सगळं सुरू झालं, त्यांच्यासाठी सेनुसीला विचारायचा मुख्य प्रश्न 1996 चा होता, आणि तो विचारू शकणारं न्यायालय होतं फक्त त्रिपोलीत. पूरकतेच्या बाजूने याहून ठोस कारण मला दुसऱ्या कुठल्या प्रकरणात दिसलेलं नाही.

पण वकिलाचं काय? सेनुसीलाही वकील नव्हता. सैफच्या बाबतीत हेच असमर्थतेचं एक कारण ठरलं होतं. खंडपीठाने फरक असा केला: सेनुसी सरकारच्या ताब्यात आहे, आणि काही स्थानिक वकिलांनी त्याचं काम घ्यायची तयारी दाखवल्याचं लिबिया सांगतो, त्यामुळे वकील मिळणार नाही असं आत्ताच म्हणता येत नाही. साक्षीदारांना संरक्षण नाही, हे खंडपीठाने मान्य केलं; पण बराचसा पुरावा आधीच गोळा झाल्यामुळे सगळा खटलाच अडेल इतकी ती अडचण मोठी नाही. कायद्याच्या दृष्टीने हे चुकीचं नाही. तरी माझं मत असं की इथे खंडपीठाने आशेला पुराव्याची जागा दिली. काही वकिलांनी इच्छा दाखवणं आणि वकिलाने वकालतनामा दाखल करणं, यातला फरक कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयात काम केलेल्या माणसाला कळतो.

दोन्ही निर्णय अपिलात टिकले. 21 मे 2014 रोजी सैफचं प्रकरण ग्राह्य राहिलं. न्यायाधीश अनिता उशात्स्का यांनी वेगळं मत दिलं, कारण देशाकडून इतका हुबेहूब तोच खटला मागणं त्यांना जास्त कडक वाटलं. 24 जुलै 2014 रोजी सेनुसीचं प्रकरण अग्राह्य असल्यावर शिक्कामोर्तब झालं. त्यात अपील खंडपीठाने केलेलं विधान पुढच्या प्रत्येक वादात येतं. सेनुसीच्या बाजूने म्हणणं होतं की त्याला न्याय्य खटला मिळत नाही, म्हणून लिबिया ‘अनिच्छुक’ आहे. खंडपीठाने उत्तर दिलं की अनुच्छेद 17(2) मधल्या ‘अनिच्छे’चा मुख्य रोख आहे आरोपीला वाचवण्यासाठी रचलेला देखावा. हे न्यायालय मानवाधिकार न्यायालय नाही. ते देशांच्या न्यायपद्धतीचं मोजमाप करायला बसलेलं नाही. मात्र आरोपीच्या हक्कांचं उल्लंघन इतकं टोकाचं असेल की त्या कारवाईतून त्याला कोणत्याही अर्थाने खरा न्याय मिळूच शकत नाही, तर गोष्ट वेगळी. ही शेवटची खिडकी उघडी ठेवली, पण ती फार अरुंद.

या भूमिकेतून येणारा परिणाम सरळ आहे. आरोपी सुटावा म्हणून चालवलेला खटला हेगला खटकतो. आरोपीला हमखास दोषी ठरवण्यासाठी घाईने चालवलेला खटला मात्र बहुतेक वेळा हेगच्या दारात अडत नाही.

त्रिपोलीत 2012 चा खटला क्रमांक 630 मार्च 2014 मध्ये अल-हदबा तुरुंगाच्या आवारातल्या न्यायालयात सुरू झाला. 37 आरोपी, गद्दाफीच्या राजवटीतले जवळजवळ सगळे बडे. सैफ झिंतानहून व्हिडिओवर काही तारखांना दिसला. नंतर 2014 च्या उन्हाळ्यात त्रिपोलीत लढाई पेटली आणि तो जोडही तुटला. 28 जुलै 2015 रोजी निकाल लागला. नऊ जणांना मृत्युदंड, त्यांत सेनुसी, आणि अनुपस्थितीत सैफ. संयुक्त राष्ट्रांच्या लिबिया मोहिमेने आणि मानवाधिकार कार्यालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये खटल्याचा अहवाल दिला: आंतरराष्ट्रीय मानकांनुसार हा न्याय्य खटला नव्हता. अभियोग पक्षाने न्यायालयात एकही साक्षीदार उभा केला नव्हता. म्हणजे उलटतपासणीचा प्रश्नच नव्हता.

अनुच्छेद 19(10) खाली, नवी तथ्यं पुढे आली तर अभियोक्ता अग्राह्यतेच्या निर्णयाचा फेरविचार मागू शकतो. सेनुसीबाबत तसा अर्ज अभियोक्त्याने केला नाही. ‘नवी तथ्यं’ हा शब्दप्रयोग इथे महत्त्वाचा. ऑक्टोबर 2013 मध्ये जे दिसत होतं त्याच्या आधारे प्रकरण सोडलं गेलं, आणि नंतर खटला खराब चालला हे फेरविचाराला पुरेसं ठरवायचं, तर ते अपील खंडपीठाच्या त्या अरुंद खिडकीतून न्यावं लागलं असतं. ग्राह्यतेचा निर्णय त्या क्षणापुरता असतो, आणि नंतर लक्ष ठेवायची कोणतीही पक्की यंत्रणा संविधीत नाही. माझ्या मते संविधीतली ही खरी उणीव आहे. प्रकरण सोडताना ‘अमुक महिन्यांनी वकिलाच्या नेमणुकीचा अहवाल द्या’ अशी अट घालण्याचा मार्ग त्यात असता, तर सेनुसीचं पुढे काय होतं आहे ते निदान नोंदीवर आलं असतं.

सैफची गोष्ट आणखी पुढे गेली. लिबियाने त्याला हेगकडे दिलं नाही, आणि डिसेंबर 2014 मध्ये खंडपीठाने असहकाराची बाब सुरक्षा परिषदेकडे पाठवली. पुढे तोब्रुकच्या प्रतिनिधी सभागृहाने केलेल्या 2015 च्या माफीच्या कायद्याखाली झिंतानच्या गटाने त्याला सोडल्याचं जाहीर केलं. जून 2018 मध्ये आव्हान आलं ते खुद्द सैफकडून: माझ्यावर त्याच कृत्यांसाठी खटला चालून शिक्षा झाली आहे, आता दुसऱ्यांदा चालवता येणार नाही. अनुच्छेद 17(1)(c) आणि 20(3), म्हणजे आपल्याकडच्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(2) मधलं तत्त्व.

मुद्दा अडला अंतिमतेवर. लिबियाच्या कायद्यात अनुपस्थितीत दिलेला निकाल आरोपी हजर झाला की गळून पडतो आणि खटला नव्याने चालतो. मृत्युदंड तर वरच्या न्यायालयाने तपासल्याशिवाय पक्का होत नाही. आपल्याकडे सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही, हे ठाऊक असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. आपण व्हिडिओवर हजर होतो म्हणून तो निकाल अनुपस्थितीतला नव्हताच, असं सैफचं म्हणणं होतं. 5 एप्रिल 2019 रोजी पूर्व-सुनावणी खंडपीठाने ते फेटाळलं, आणि 9 मार्च 2020 रोजी अपील खंडपीठाने तो निर्णय कायम केला. दुहेरी खटल्याचा बचाव हवा असेल तर राष्ट्रीय निकाल अंतिम झालेला असला पाहिजे; खालच्या न्यायालयाचा, अजून बदलू शकणारा निकाल पुरत नाही.

माफीच्या कायद्याबाबत दोन्ही खंडपीठं वेगळी बोलली. पूर्व-सुनावणी खंडपीठाने, तो कायदा सैफवरच्या गुन्ह्यांना लागूच होत नाही असं म्हणून, वर हेही जोडलं की गंभीर आणि व्यापक अत्याचारांना दिलेली माफी आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त मानवाधिकारांशी विसंगत आहे. अपील खंडपीठाने कायदा लागू होत नाही एवढंच कायम ठेवलं आणि दुसऱ्या मुद्द्यावर म्हटलं की अशा माफ्यांबाबतचा आंतरराष्ट्रीय कायदा अजून घडतो आहे. म्हणजे उद्या एखाद्या देशाने आधी पूर्ण, अंतिम निकाल दिला आणि मग त्या दोषीला माफी दिली, तर ते प्रकरण हेगकडे ग्राह्य ठरेल की नाही, याचं उत्तर सैफच्या निकालात शोधून मिळत नाही.

सैफने नोव्हेंबर 2021 मध्ये सेभा इथे राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवारी अर्ज भरला, तेव्हा हेगचं जून 2011 चं वॉरंट त्याच्यावर कायम होतं.